तीस मीटर केबल आणि चोवीस अंश

सकाळी ८:१०

भोसरीच्या सिग्नलला असतानाच साखर कारखान्यातून फोन आला. गाळप जोरात आहे, बॉयलर बंद ठेवता येत नाही आणि आमच्या यंत्रणेवरचं एक रीडिंग त्यांना खटकतंय. ऑपरेटरचं म्हणणं असं, की तापमान वाढलं की शेजारच्या चॅनेलवरचा ड्राफ्टचा दाबही सरकतो. बॉयलरमध्ये तापमान आणि दाब एकमेकांशी जोडलेले असतात, त्यामुळे हे खरंही असू शकतं. गाडी बाजूला घेऊन मी त्यांना एकच गोष्ट करायला सांगितली: तापमानाची वायर काढा, ते चॅनेल ग्राउंडला बांधा आणि दाबाचं रीडिंग बघा.

दोन मिनिटांनी उत्तर आलं, "मॅडम, वायर काढली तसं दाबाचं रीडिंग तेरा काउंटांनी हललं."

वायर काढल्याने बॉयलरमधला दाब बदलत नाही, म्हणजे दोष आमच्या इलेक्ट्रॉनिक्समध्येच आहे. आमचं डेटा कार्ड ५ व्होल्टचे ४०९६ भाग करतं, त्यामुळे एक काउंट साधारण १.२ मिलिव्होल्ट आणि तेरा काउंट म्हणजे १६ मिलिव्होल्ट. कुठून तरी १६ मिलिव्होल्ट खोटे येतायत, आणि ते शेजारच्या चॅनेलवर अवलंबून आहेत.

९:००

लॅबमधला जोडीचा संच टेबलावर घेतला. रचना साधी आहे. सेन्सरजवळच्या बॉक्समध्ये एक ऑप-अँप फॉलोअर म्हणून जोडलाय: त्याचं आउटपुट थेट त्याच्याच मायनस इनपुटला. जे व्होल्टेज आत येईल तेच बाहेर द्यायचं, फक्त केबल ढकलण्याची ताकद घालून. तिथून शिल्डेड केबल कंट्रोल रूममधल्या डेटा कार्डापर्यंत जाते. कार्ड एकेका चॅनेलवर स्विच करतं, ५ मायक्रोसेकंद थांबतं आणि व्होल्टेज मोजतं.

सहा महिन्यांपूर्वी लागलेल्या आमच्या ज्युनिअरने शेजारचं चॅनेल आधी ० वर आणि मग ५ व्होल्टवर ठेवून बघितलं. दाबाचं रीडिंग एक काउंटसुद्धा हललं नाही.

"मॅडम, इथे तर सगळं बरोबर आहे."

"तू केबल किती लांबीची लावलीयस?"

"आपली नेहमीची. एक मीटर."

कारखान्यात ती तीस मीटर आहे. ज्युनिअर स्टोअरमधून केबलचं मोठं रीळ उचलून घेऊन आली. तीस मीटर जोडल्याबरोबर रीडिंग बारा-तेरा काउंटांनी सरकायला लागलं. कारखान्यातला दोष आता आमच्या टेबलावर आला होता.

१०:००

शिल्डेड केबल म्हणजे आतली तार आणि बाहेरची जाळी यांच्यामध्ये प्लास्टिक, म्हणजे लांबच लांब कपॅसिटर. आमच्या केबलचा कपॅसिटन्स मीटरला सुमारे १०० पिकोफॅरड आहे. तीस मीटरचे ३००० पिकोफॅरड, म्हणजे ३ नॅनोफॅरड.

डेटा कार्डाच्या आत सॅम्पल धरून ठेवणारा १०० पिकोफॅरडचा छोटा कपॅसिटर आहे. आधीच्या चॅनेलवर तो ५ व्होल्टला भरलेला असतो. स्विच आपल्या चॅनेलवर आला की तो आपला सगळा चार्ज केबलवर ओततो. केबल ० व्होल्टला असेल तर तिचं व्होल्टेज एकदम १६० मिलिव्होल्टने वर उडतं. हा धक्का नेहमीचाच आहे, तो गिळून व्होल्टेज परत जागेवर आणणं हे फॉलोअरचं काम. ५ मायक्रोसेकंदांत ते व्हायला हवं होतं. १६० पैकी १६ मिलिव्होल्ट उरतायत, म्हणजे दहावा हिस्सा अजून जिवंत आहे.

स्कोपचा प्रोब केबलच्या टोकाला लावला. प्रोबची लांब ग्राउंड वायर काढून टोकाजवळची छोटी स्प्रिंग बसवली, कारण लांब वायर स्वतःच खोटे हेलकावे दाखवते. पडद्यावर चित्र आलं: धक्का, खाली झेप, पुन्हा वर, पुन्हा खाली. टेकडीमागे टेकडी, प्रत्येक आधीपेक्षा बुटकी. यालाच आम्ही रिंगिंग म्हणतो. पितळेच्या घंटेवर एक टोला मारावा आणि नाद रेंगाळत राहावा, तसं.

११:००

चहा टेबलावरच घेतला. रिंगिंग दिसलं, आता ते मोजायचं.

डेटा कार्ड बाजूला काढलं आणि सिग्नल जनरेटरमधून ऑप-अँपच्या इनपुटला १०० मिलिव्होल्टची चौकोनी पायरी दिली. पायरी मुद्दाम छोटी ठेवली. हा ऑप-अँप मायक्रोसेकंदाला अर्ध्या व्होल्टपेक्षा वेगाने धावू शकत नाही. दोन-तीन व्होल्टची पायरी दिली तर तो त्या मर्यादेत अडकतो आणि पडद्यावर फक्त तिरकी रेघ दिसते. फीडबॅकचा खरा स्वभाव छोट्या पायरीवरच उघडा पडतो.

ज्युनिअरने कर्सर लावून आकडे वाचले. आउटपुट १०० मिलिव्होल्टवर थांबायच्या ऐवजी १५६ पर्यंत गेलं. मग १०० च्या खाली ३१ ने उतरलं, मग वर १७, मग खाली १०. दर अर्ध्या हेलकाव्याला आधीच्या उंचीचे ५६ टक्के उरतायत. दोन शिखरांमधलं अंतर २.४ मायक्रोसेकंदांच्या आसपास, म्हणजे सुमारे ४१० किलोहर्ट्झ.

तिने रास्त शंका काढली. "मॅडम, लांब केबलच्या टोकावरून सिग्नल परावर्तित होऊन येतो ना? हे तेच नसेल?"

तपासणं सोपं होतं. केबलमध्ये सिग्नल मायक्रोसेकंदाला साधारण २०० मीटर जातो. तीस मीटरला ०.१५ मायक्रोसेकंद. परावर्तनाचा एक पूर्ण हेलकावा अशा चार फेऱ्यांचा असतो, म्हणजे ०.६ मायक्रोसेकंद. आपला त्याच्या चौपट हळू आहे. खात्रीसाठी आणखी दोन प्रयोग केले. केबल दहा मीटरची केली, तर हेलकाव्याचा काळ दीड मायक्रोसेकंदाच्या जवळ आला. परावर्तन असतं तर तो एकतृतीयांश व्हायला हवा होता; तो जवळपास वर्गमूळाच्या हिशेबाने कमी झाला. मग केबल पूर्ण काढून तिच्या जागी बोटभर तारांचा ३.३ नॅनोफॅरडचा साधा कपॅसिटर लावला. तोच हेलकावा, जवळजवळ तोच काळ. म्हणजे यात केबलच्या लांबीचा काही संबंध नाही, फक्त तिच्या कपॅसिटन्सचा आहे.

दुपारी १२:००

सिम्युलेटर आहे, पण मी सेमी-लॉग कागद काढला. नव्या माणसाला हे हाताने काढल्याशिवाय कळत नाही असा माझा अनुभव आहे. आडव्या अक्षावर फ्रिक्वेन्सी, दर घर दहापट. त्यावर दोन आलेख, एकाखाली एक: वरती गेन डेसिबलमध्ये, खाली फेज अंशांत. हाच बोडे प्लॉट.

आधी केबल नसताना. हा १ मेगाहर्ट्झचा साधा ऑप-अँप. १० हर्ट्झला त्याचा गेन एक लाख, म्हणजे १०० डेसिबल. तिथून रेघ दर दहापटीला २० डेसिबल उतरत जाते आणि बरोबर १ मेगाहर्ट्झला शून्य डेसिबलला भेटते. शून्य डेसिबल म्हणजे गेन १. खालच्या आलेखात या सगळ्या उतारावर फेज उणे ९० अंश, सपाट. सिग्नल आत गेला की पाव हेलकावा उशिराने बाहेर येतो.

आता फेज मार्जिनची व्याख्या. फॉलोअरमध्ये आउटपुट परत येऊन इनपुटमधून वजा होतं, ही वजाबाकीच सगळं काबूत ठेवते. पण वाटेत सिग्नलला अर्धा हेलकावा, म्हणजे १८० अंश उशीर झाला, तर शिखराच्या जागी दरी येऊन पोचते, आणि दरी वजा करणं म्हणजे शिखर मिळवणं. वजाबाकीची बेरीज होते. त्या वेळी फेरीचा गेन १ पेक्षा कमी असेल तर फिकीर नाही, परत येणारा सिग्नल दुबळा असतो. गेन बरोबर १ असेल तर सर्किट स्वतःच्याच आवाजावर कायम गात राहतं. म्हणून वरच्या आलेखात गेन शून्य डेसिबलला कुठे छेदतो ते बघायचं, त्याच फ्रिक्वेन्सीवर सरळ खाली फेजच्या आलेखावर यायचं आणि उणे १८० पर्यंत अजून किती अंश शिल्लक आहेत ते मोजायचं. ही शिल्लक म्हणजे फेज मार्जिन. केबल नसताना ती १८० वजा ९०, म्हणजे ९० अंश. ऐसपैस.

आता केबल जोडू. ऑप-अँपच्या आउटपुटला स्वतःचा आतला रेझिस्टन्स असतो. डेटाशीटमधल्या आलेखावरून आमच्या ऑप-अँपचा मी सुमारे ३०० ओम धरते. तो आणि केबलचे ३ नॅनोफॅरड मिळून एक आरसी फिल्टर तयार होतो, आणि तो फीडबॅकच्या फेरीच्या आत बसतो, कारण फीडबॅक आउटपुटच्या पायावरूनच घेतलाय.

```
f = 1 / (2πRC) = 1 / (2π × 300 × 3e-9) ≈ 177 kHz
```

ज्युनिअरने १७७ किलोहर्ट्झवर पेन्सिलीची खूण केली. इथून गेनची रेघ जास्त खाली वळते, दर दहापटीला २० च्या जागी ४० डेसिबल. त्यामुळे ती शून्याला १ मेगाहर्ट्झच्या बरीच आधी, ४०० किलोहर्ट्झच्या जवळ भेटते. खालच्या आलेखात हाच फिल्टर फेज आणखी खाली खेचतो. ४०० किलोहर्ट्झ हे १७७ च्या सव्वादोन पटीहून थोडं जास्त, तिथे फिल्टरचा उशीर ६६ अंश. आधीचे ९० आणि हे ६६ मिळून १५६. शिल्लक २४ अंश.

आणि एक मीटर केबलला? तिचे १०० पिकोफॅरड फिल्टरचा कोपरा ५.३ मेगाहर्ट्झवर नेतात, शून्याच्या छेदापासून खूप पुढे. फेज जेमतेम १० अंश जाते, शिल्लक ८० च्या जवळ. आमच्या लॅबमधली चाचणी वर्षानुवर्षं या ८० अंशांवर होत आलीय. हे डिझाइन माझंच आहे, आणि चाचणीला एक मीटरची केबल ठरवणारीही मीच होते. कागदावर हे दोन आकडे शेजारी शेजारी लिहिताना ते मला फार टोचलं.

१:१५

डबा खाताना ज्युनिअरने विचारलं, की गेनचा उतार आणि फेज यांचं असं ठरलेलं नातं का असतं.

हे नातं हेंड्रिक बोडेने बेल लॅबमध्ये मांडलं. दूरच्या टेलिफोन लायनीवर एकामागून एक अँप्लिफायर लावावे लागत, आणि त्यांचा गेन स्थिर राहावा म्हणून हॅरल्ड ब्लॅकने १९२७ मध्ये निगेटिव्ह फीडबॅकची कल्पना काढली. पण फीडबॅक लावला की काही अँप्लिफायर गायला लागत. कोणते गातील आणि कोणते नाहीत याची कसोटी हॅरी नायक्विस्टने १९३२ मध्ये दिली. बोडेने १९४० च्या निबंधात दाखवलं, की साध्या सर्किटांमध्ये गेनचा उतार कळला की फेजही ठरून जाते: दर दहापटीला २० डेसिबलचा लांब उतार असेल तर ९० अंश उशीर, ४० डेसिबलचा असेल तर १८०. म्हणजे गेन फार घाईने कमी करायला गेलं की त्याची किंमत उशिरात मोजावी लागते. आमची रेघ शून्याला ४० च्या उतारात छेदत होती. नुसता वरचा आलेख पाहूनही धोक्याची सूचना मिळाली असती.

२:००

आता मुख्य प्रश्न: २४ अंश शिल्लक असताना सर्किट गात नाही, मग हेलकावे का खातं?

मी तिला झोपाळ्याचं उदाहरण दिलं. हलता झोपाळा थांबवायचा तर तो ज्या दिशेने जातोय त्याच्या उलट रेटा द्यायचा. पण तुमचा हात उशिरा पोचत असेल, तर रेट्याचा थोडाच भाग गतीच्या विरुद्ध पडतो, बाकीचा झोपाळ्याला नुसता दुसऱ्या टोकाकडे ढकलतो. उशीर आणखी वाढला की तोच रेटा गतीच्या दिशेने पडायला लागतो आणि झोपाळा वाढत जातो. फेज मार्जिन म्हणजे त्या टोकापासून आपण अजून किती अलीकडे आहोत त्याचं माप. मार्जिन जितकं कमी, तितकी दर फेरीला थांबवणारी ताकद कमी, आणि झोपाळा तितका जास्त वेळ हलतो.

गणितातही हे दिसतं. ज्या फ्रिक्वेन्सीला फेरीचा गेन १ आहे तिथे बंद फेरीचा गेन एका छोट्या सूत्राने मिळतो.

```
gain = 1 / (2 sin(PM / 2))
```

मार्जिन ६० अंश असेल तर उत्तर १ येतं: फॉलोअर तिथेही जसंच्या तसं देतो. मार्जिन २४ असेल तर अर्धा कोन १२ अंश, आणि उत्तर २.४. म्हणजे गेन सगळीकडे १ असायला हवा असलेला आमचा फॉलोअर ४०० किलोहर्ट्झच्या आसपास सिग्नल जवळपास अडीचपट करतो. चौकोनी पायरीत सगळ्याच फ्रिक्वेन्सी थोड्या थोड्या असतात; तिच्यातली ४०० किलोहर्ट्झची पट्टी फुगून बाहेर येते आणि रेंगाळते. मार्जिन शून्याकडे नेलं तर भाजक शून्याकडे जातो, हेलकावा कधीच विरत नाही.

याचं उलटही करता येतं, आणि रोजच्या कामात तेच उपयोगी पडतं. फीडबॅकची फेरी तोडून फेज मोजणं जिकिरीचं असतं. पण पायरीवरचं ओव्हरशूट मोजलं की मार्जिन काढता येतं. २४ अंशांचा हिशेब ५१ टक्के ओव्हरशूट सांगतो. आम्ही मोजलं ५६ टक्के, त्यावरून मार्जिन निघतं साडेवीस अंशांच्या आसपास. हे तीन-साडेतीन अंश ऑप-अँपच्या स्वतःच्या आतल्या वरच्या फ्रिक्वेन्सीच्या उशिरात गेले, जे मी कागदावर धरले नव्हते. कागद आणि स्कोप एवढे जवळ आले की निदानावर विसंबायला हरकत नाही.

सकाळचे तेरा काउंटही जुळले. ५ मायक्रोसेकंदांत चार अर्धे हेलकावे होतात. ०.५६ चा चार वेळा गुणाकार केला की जवळपास ०.१ येतो. १६० मिलिव्होल्टचे १६.

३:००

"मग कार्डाला ५ च्या जागी २० मायक्रोसेकंद थांबायला सांगितलं तर?" ज्युनिअरने विचारलं. "सॉफ्टवेअरमध्ये एका ओळीचं काम आहे."

ते चालेल, आणि कारखान्याला आज संध्याकाळपुरता तोच बदल मी पाठवलाही. पण तो कायमचा उपाय नाही. पन्नास मीटर केबल झाली की मार्जिन वीसच्याही खाली जातं. ऑप-अँपच्या दुसऱ्या लॉटमध्ये आउटपुटचा रेझिस्टन्स वेगळा निघू शकतो, उन्हाळ्यात बॉक्स तापला की तो पुन्हा बदलतो. आणि ४०० किलोहर्ट्झच्या आसपासचा बाहेरचा गोंगाट जवळपास अडीच-तीनपट होऊन येत राहतोच, तिथे थांबून काही होत नाही.

खरा उपाय एका रेझिस्टरचा आहे. ऑप-अँपचं आउटपुट आणि केबल यांच्या मध्ये तो घालायचा, आणि फीडबॅक त्याच्या आधी, ऑप-अँपच्या पायावरूनच घेत राहायचं. आता वरच्या फ्रिक्वेन्सीला केबलचा कपॅसिटर शॉर्टसारखा वागला तरी फीडबॅकची जागा ग्राउंडला ओढली जात नाही, मध्ये रेझिस्टर उभा असतो. बोडे प्लॉटवर हे असं दिसतं, की उतार ४० डेसिबलला वळल्यावर पुढे एका कोपऱ्यावर पुन्हा २० वर येतो आणि फेज वर उचलली जाते.

सोल्डरिंगच्या टेबलावरच्या काकांना ४७, १०० आणि २२० ओम असे तीन रेझिस्टर दिले. ट्रॅक कापून त्यांनी पाळीपाळीने बसवले.

४७ ओमला हिशेब ४० अंश सांगतो. हेलकावे निम्मे झाले, पण दिसत होते. १०० ओमला रेझिस्टर आणि केबलचा कोपरा ५३० किलोहर्ट्झवर येतो. शून्याचा छेद जवळपास पूर्वीच्याच जागी, ३९६ किलोहर्ट्झला, पण तिथे रेझिस्टर ३७ अंश परत मिळवून देतो आणि मार्जिन ५५ होतं. स्कोपवर केबलच्या टोकाला १६ मिलिव्होल्टची एक टेकडी, मागे एक पुसट खळगा, आणि सपाट. २२० ओमला मार्जिन ७५, टेकडीही जवळपास गेली.

ज्युनिअर म्हणाली, "मग २२० च घालूया ना."

इथे दुसरी बाजू बघावी लागते. रेझिस्टर आता फीडबॅकच्या बाहेर आहे, त्यावर पडणारं व्होल्टेज ऑप-अँप भरून काढत नाही. आमच्या कार्डाचं इनपुट १ मेगाओमचं आहे. ५ व्होल्टला १०० ओमवर अर्धा मिलिव्होल्ट पडतो, अर्ध्या काउंटाच्या आत. २२० ओमवर १.१ मिलिव्होल्ट, जवळपास एक अख्खा काउंट. कुणी १० किलोओमचं जुनं कार्ड जोडलं तर १०० ओमलाही एक टक्का चुकतो, त्याची सूचना मॅन्युअलमध्ये घालावी लागेल. आम्ही १०० वर थांबलो.

४:३०

कार्ड परत जोडलं, थांबण्याचा वेळ पुन्हा ५ मायक्रोसेकंद केला. शेजारचं चॅनेल ० वरून ५ व्होल्ट केलं. दाबाचं रीडिंग जागचं हललं नाही. हिशेबाने उरलेला धक्का अर्ध्या मिलिव्होल्टपेक्षा कमी आहे.

पण एकाच केबलवर पास झालेल्या चाचणीने मला एकदा फसवलंय. म्हणून एक, दहा, वीस, तीस मीटर आणि शंभर मीटरच्या जागी १० नॅनोफॅरडचा कपॅसिटर, अशी सगळी फेरी घेतली. आकडे मांडताना ज्युनिअर थबकली. दहा मीटरला हिशेबाचं मार्जिन ५४, वीसला ५३, तीसला ५५ आणि शंभरला ६९.

"मॅडम, शंभर मीटरला वाढतंय?"

हो. रेझिस्टर नसताना केबल जितकी लांब तितकी परिस्थिती वाईट, ती उतरतच जाते. रेझिस्टर आल्यावर केबलचा फिल्टर फेज एका मर्यादेपर्यंतच खाली नेऊ शकतो. ही मर्यादा फक्त दोन रेझिस्टन्सच्या प्रमाणावर ठरते. ऑप-अँपचे ३०० आणि आपले १०० मिळून ४००, आणि ४०० ला १०० ने भागलं तर ४.

```
max lag = arcsin((4 - 1) / (4 + 1)) = 36.9°
```

ज्युनिअरच्या लगेच लक्षात आलं, की हा शाळेतला ३-४-५ चा त्रिकोण आहे. ९० मधून ३६.९ गेले की ५३ उरतात. ऑप-अँपचे स्वतःचे चार-पाच अंश सोडले, तर या सर्किटला कितीही लांब केबल लावली तरी मार्जिन याच्या खाली जाणार नाही. गिऱ्हाईक किती लांब केबल ओढेल हे मला कधीच ठाऊक नसतं, म्हणून या आकड्याचा मला आज सगळ्यात मोठा आधार वाटला.

सायंकाळी ६:००

ड्रॉइंगमध्ये १०० ओमचा रेझिस्टर चढवला आणि शेजारी लिहिलं: ऑप-अँपच्या पायाला चिकटून बसवायचा, फीडबॅकचा ट्रॅक रेझिस्टरच्या आधी उचलायचा. लेआउट करणाऱ्याने फीडबॅक चुकून केबलच्या बाजूने घेतला तर रेझिस्टर ऑप-अँपच्या ३०० ओममध्येच मिळतो आणि मार्जिन उलट आणखी घटतं. बदललेले दोन बॉक्स रात्रीच्या गाडीने कारखान्याला निघाले.

शेवटचं काम चाचणीच्या कागदाचं. ज्युनिअरने जुन्या 'केबल १ मीटर' वर काट मारली आणि सवयीने '१०० मीटर' लिहायला घेतलं. मी काही बोलायच्या आत तीच थांबली. दुपारचा सेमी-लॉग कागद पुढे ओढला, सगळ्यात कमी मार्जिनवर बोट ठेवलं, आणि रिळावरून वीस मीटर केबल मोजून कापली. ती वेटोळी करून स्कोपशेजारच्या खिळ्याला अडकवली आणि तिला चिठ्ठी बांधली: चाचणीची केबल, २० मीटर, ओव्हरशूट २० टक्क्यांच्या आत.